उत्तर: नळ आणि टाकीचं गणित

> "मुलीनं पुस्तकातल्या गणिताचा फोटो पाठवलाय. पहिला नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा ती १ तासात रिकामी करतो, दोन तासांनी दुसरा उघडला. उत्तर उणे येतंय!"

तो १ नसून ९ असणार. अंधारात काढलेल्या फोटोत ९ चं वरचं वेटोळं भरून जातं आणि तो १ दिसतो. आमच्या धरमपेठेतल्या शिकवणीतही मुलं असेच फोटो टाकतात. फोटो मोठा करून त्याच पानावरचा दुसरा १ शेजारी धरून बघा.

आता मांडणी. पहिला नळ तासाला टाकीचा १/६ भरतो, दुसरा १/९ काढतो. पहिला उघडल्यापासून एकूण वेळ क्ष धरा. दुसरा दोन तास उशिरा सुरू झाला, म्हणून तो क्ष − २ तासच चालला:

क्ष/६ − (क्ष − २)/९ = १

दोन्ही बाजूंना १८ ने गुणलं की ३क्ष − २क्ष + ४ = १८, म्हणजे क्ष = १४ तास. प्रश्न "दुसरा उघडल्यावर किती वेळानं" असा असेल तर उत्तर १२. फोटोत शेवटची ओळ कापली गेली असेल तर आधी ती मागवा, उगाच अंदाज नको.

तुमचं नशीब की दुसरा नळ रिकामा करणारा निघाला, म्हणून उणे उत्तरानं चूक उघडी पडली. दोन्ही भरणारे असते आणि एकदमच उघडले असते, तर १ घेऊन ६/७ तास आलं असतं, ९ घेऊन ३ तास ३६ मिनिटं. दोन्ही उत्तरं पटण्यासारखी, त्यामुळे तिथं पुस्तकामागचं उत्तरच बघावं लागतं.