गरोदरपणी धावताना १४० ठोक्यांची मर्यादा पाळावी का?

रेवती: मला बाविसावा आठवडा चालू आहे. गरोदर राहण्याआधीपासून मी आठवड्यातून तीनदा पाच किलोमीटर धावते. पूर्वी ज्या वेगाला घड्याळ हृदयाचे मिनिटाला १४० ठोके दाखवत असे, त्याच वेगाला आता १५८ दाखवते, शिवाय संध्याकाळी बूट आवळतात. डॉक्टरांची हरकत नाही, पण १४० च्या वर जाऊ नये असे सगळे सांगतात. मग धावणे बंद करावे का?

शरद: १४० ही मर्यादा तज्ज्ञांनीच घातलेली आहे. पोटात बाळ असताना धोका पत्करायचाच कशाला? चालावे.

अनुजा: शरदराव, तुमचे अर्धेच खरे आहे. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने ही मर्यादा १९८५ मध्ये घातली आणि १९९४ मध्ये काढूनही टाकली. गरोदरपणात शरीरातले रक्त वाढते आणि स्वस्थ बसलेले असतानाही ठोके दहा ते वीसने वाढू शकतात; त्यामुळे घड्याळावरून श्रमाचा अंदाज नीट येत नाही. रेवती, धावता धावता पूर्ण वाक्य बोलून पाहा. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर चार मिनिटे धावून एक मिनिट चाला. जुना वेग मात्र विसरावा लागेल.

बुटांचे म्हणाल, तर वाढत्या वजनामुळे आणि सैलावलेल्या अस्थिबंधांमुळे पावलाची कमान खाली बसते आणि पाऊल लांब-रुंद होते. म्हणून नवे बूट संध्याकाळी, पाय सुजलेले असतानाच घालून पाहावेत आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहू द्यावी. दोन्ही बूट सारखेच आवळत असतील तर सहसा काळजी नसते. एकाच पायाचा बूट आवळत असेल आणि त्याच पायाची पोटरी दुखत किंवा गरम लागत असेल, तर रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते; अशा वेळी पोटरी न चोळता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

सुनंदा: मला तर वार खाली असल्यामुळे डॉक्टरांनी व्यायामच बंद करायला लावला होता. सगळ्यांनाच धावायला कसे सांगता?

अनुजा: सुनंदाताई, तुमच्या स्थितीत ती मनाई योग्यच होती. रेवतीला डॉक्टरांनी पाहिलेले आहे, म्हणूनच हे सांगितले. मात्र तिलाही अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, ठरावीक अंतराने कळा आल्या, छातीत दुखले, चक्कर आली किंवा धावायच्या आधीच धाप लागली, तर तिथेच थांबावे आणि नंतर बरे वाटले तरी डॉक्टरांना लगेच कळवावे. डोके सतत दुखत असेल, अंधुक दिसत असेल किंवा चेहरा एकाएकी सुजला असेल, तर रक्तदाब तातडीने तपासून घ्यावा.

शरद: ठोक्यांचे मान्य आहे. पण पोट पुढे आल्यावर तोल जाऊन पडण्याची भीती राहतेच, त्यामुळे तिसाव्या आठवड्यानंतर धावू नये असेच माझे मत आहे.

अनुजा: असा सरसकट आठवडा ठरवता येत नाही. ओटीपोटाच्या हाडांत दुखू लागले किंवा पाऊल डगमगू लागले, तर धावणे विसाव्या आठवड्यातही थांबवावे लागते.

शरद: पाऊल डगमगल्याचे कळेपर्यंत माणूस पडलेला असतो, अनुजाताई.