अनुभव धागा: गुडघाभर पाणी आणि मधे उभा हवालदार

धागाकर्ती
परवा मुलाला शाळेतून आणताना आमच्या चौकात पाणी भरलं होतं. मधोमध एकच हवालदार. माझी गाडी त्यांनी चांगली दहा मिनिटं कोरड्या जागी रोखून धरली आणि मी मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलं. घरी आल्यावर मामाला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरोबर केलं त्याने."

मामा मुंबईच्या वाहतूक शाखेतून निवृत्त झाला आणि त्याने हिंदमातावर बरेच पावसाळे काढलेत. त्याला टायपिंगचा कंटाळा, म्हणून तो सांगेल ते मी उतरवून काढते. तुम्हीही लिहा. चौकात उभं राहिलेले, अडकलेले, कुणी सोडवलेले, सगळे.

मामा (माझ्या हातून)
हिंदमाता म्हणजे बशी. दादर टीटीकडून या नाहीतर परळकडून या, उतारच. ज्या दिवसाचं सांगतोय तेव्हा पावसाचं पाणी साठवायच्या मैदानाखालच्या त्या मोठ्या टाक्या झाल्या नव्हत्या. परळचा पूल आणि हिंदमाताचा पूल रस्ता उंच करून जोडलेलेही नव्हते. एका पुलावरून उतरलं की थेट पाण्यात.

सकाळी निघताना मी आभाळ बघायचो आणि भरतीची वेळ बघायचो. त्या दिवशी भरती साडेबाराच्या सुमाराला होती आणि साडेदहालाच असा कोसळायला लागला की समोरच्या कापडदुकानाची पाटी दिसेना. आता दोनपर्यंत हे पाणी हलत नाही, हे तेव्हाच कळलं.

नवीन पोरं इथे एक चूक करतात, सिग्नल चालू ठेवतात. सिग्नलला काय माहीत पाणी आहे ते? तो लाल होतो आणि पंधरा-वीस गाड्या बरोबर पाण्याच्या पोटात थांबवतो. शेजारून एक बस गेली की लाट उठते आणि उभ्या गाडीच्या बॉनेटवर चढते. संपली गाडी. एक बंद पडली की तिच्यामागचे सगळे अडकले. म्हणून पहिलं काम म्हणजे पेटी उघडून सिग्नल बंद करायचा. पाणी पेटीपर्यंत चढायच्या आत. नंतर त्या पेटीला हात लावायचा नाही.

मग गाड्या रोखायच्या त्या कोरड्यात. टीटीच्या बाजूला आमचा एक माणूस, परळच्या बाजूला एक, मधे मी. दहा-बारा गाड्यांचा घोळका सोडायचा. तो पूर्ण पलीकडे निघाला की मी हात वर करणार, मगच दुसरा. लोक हॉर्न वाजवून जीव खातात. त्यांना वाटतं समोर रस्ता मोकळा दिसतोय तरी हा सोडत नाही. मोकळा ठेवलाय म्हणून तर दिसतोय ना!

पाणी मोजायला माझ्याकडे फुटपाथचा दगड. फुटपाथची कड दिसतेय तोवर मारुतीसुद्धा सोडायची. कड बुडाली की छोट्या गाड्या बंद, टीटीवरूनच दुसरीकडे वळवा म्हणून वॉकीटॉकीवर कंट्रोलला सांगायचं. त्यापुढे फक्त बस आणि ट्रक, तेही डिव्हायडरला धरून एका रांगेत, कारण रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. डिव्हायडरजवळ पाणी चार-सहा बोटं तरी कमी.

पहिला_गिअर
मी बेस्टमध्ये ड्रायव्हर होतो. मामांचं लाटेचं खरं आहे, आणि लाट आम्हीच करायचो हे कबूल. हवालदार तळहात खाली दाबून "हळू, हळू" करायचे. जुन्या उंच गाड्यांना गुडघाभर पाण्याचं काही वाटायचं नाही, म्हणून आम्ही दामटायचो आणि पाणी दुकानांच्या शटरवर जाऊन आपटायचं. लो-फ्लोअर गाड्या आल्यावर मस्ती उतरली, आता पाणी पायरीवरून आपल्याच गाडीत येतं. पहिला गिअर टाकायचा आणि पलीकडे जाईपर्यंत बदलायचा नाही.

सोसायटीचा_सेक्रेटरी
भरतीमुळेच पाणी तुंबतं हो. समुद्र वर आला की नाल्यांची दारं बंद. भरती नसेल तेव्हा मुंबईत पाणी भरतच नाही. उगाच पालिकेला शिव्या देतात.

नाल्याचा_माणूस
सेक्रेटरीसाहेब, अर्धं बरोबर. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या. 50 धरून सुधारायचं काम गेली कित्येक वर्षं चालू आहे. त्यापेक्षा जोरात कोसळला तर ओहोटीतसुद्धा पाणी साचणार, फरक इतकाच की पाऊस थांबल्यावर ते लवकर उतरतं. भरती असेल तर पाऊस थांबला तरी पाणी तिथेच. रे रोडला पंपिंग स्टेशन झाल्यापासून फरक पडलाय, पण पाणी आधी पंपापर्यंत पोचावं तर लागतं.

कोथरूडकर
आमच्याकडे पुण्यात प्रकार वेगळा. पाऊस थांबलेला असतो, ऊन असतं, आणि भिडे पूल पाण्याखाली, कारण वर खडकवासल्यातून पाणी सोडलेलं. हवालदाराने बॅरिकेड लावलं की लोक भांडतात, "पाऊस कुठाय?" एकदा एक आजोबा बॅरिकेडखालून वाकून पलीकडे निघाले. हवालदाराने त्यांची पिशवी धरून ठेवली. पिशवीत भाजी होती, म्हणून आजोबा परत आले.

दुचाकीवाला_88
यांना पाण्यात उभं राहायला वेळ असतो आणि एरवी झाडामागे लपून पावत्या फाडायला पण. मागच्या महिन्यात माझं हेल्मेट डिकीत होतं तरी दंड. ते ऑनलाइन रद्द करता येतं का?

धागाकर्ती
दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा. मामा, ती अँब्युलन्सची गोष्ट सांग ना.

मामा
त्यात माझीच चूक आहे, म्हणून हिला ती आवडते.

बारा वाजून गेले होते, पाणी माझ्या गुडघ्याच्या वर. गमबूट मी काढून चौकीत ठेवलेले, कारण वरून पाणी आत शिरलं की एकेक पाय दगडासारखा जड होतो. टीटीकडून अँब्युलन्स आली, केईएमला जायचं होतं. वळवायचं म्हटलं तर मागे गाड्यांची रांग, रिव्हर्स घेता येत नव्हता. आत बाई होती, सोबतचा मुलगा खाली उतरून माझ्या हाताला धरून उभा.

मी दोन्ही बाजू थांबवल्या. पाण्यातली हालचाल निवू दिली, एक मिनिटभर. मग एका बसला पुढे घातलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, काहीही झालं तरी मधे थांबायचं नाही, अँब्युलन्स तुझ्या मागे आहे. बस पाणी कापत जाते तेव्हा तिच्या मागच्या भागात पाणी थोडं खाली बसतं. तेवढ्यात घुसायचं, पण बसला चिकटायचं नाही. मी डिव्हायडरवर चढून सोबत चालत निघालो. अँब्युलन्स पार झाली.

पण मी जागा सोडली होती. टीटीच्या बाजूचा आमचा माणूस मागची रांग सरकवायला गेलेला. तोंड उघडं बघून एक टॅक्सी अँब्युलन्सच्या मागे घुसली आणि बरोबर मधे बंद पडली. तिच्यामागे दोन स्कूटर. पुढचा पाऊण तास तो चौक अडला. चार हमाल आणि मी, ढकलत ढकलत ती टॅक्सी परळच्या चढावर नेली. साहेबांनी वॉकीटॉकीवर जे ऐकवलं ते इथे लिहू नकोस.

आज विचाराल तर मी जाणार नाही, हमालाला पाठवीन सोबत. पण मग बसवाल्याने त्याचं ऐकलं असतं का, माहीत नाही.

गॅरेजवाला
टॅक्सी ढकलली ते उत्तम, पण त्याने सेल्फ मारला होता का? तेच विचारायचंय. लोक सायलेन्सरला घाबरतात आणि रेस वाढवत राहतात. सायलेन्सरात पाणी गेलं तर गाडी बहुतेक वेळा नुसती बंद पडते. खरं नुकसान पुढून होतं. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं आणि तुम्ही परत सेल्फ मारला, की कनेक्टिंग रॉड वाकलाच. पाणी दाबलं जात नाही ना. आणि रेस वाढवून जोरात गेलात तर लाट तुमचीच उठते, तीच ग्रिलमधून आत. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नका, ढकला.

मामा
मारला होता. दोनदा.

लालबागची_सून
आमच्या गल्लीच्या तोंडावर दरवर्षी कुणीतरी गटाराचं झाकण उचलतं, पाणी जावं म्हणून. सासरे म्हणायचे भोवरा दिसतो, त्यावरून कळतं. खरं का?

मामा
बाई, भोवऱ्यावर भरवसा ठेवू नका. खाली पाणी जात असेल तोवरच भोवरा. भरतीला खालची वाहिनी तुडुंब झाली की वरचं पाणी शांत, कुठे खळगा नाही, फार तर चार बुडबुडे. तेच सगळ्यात वाईट. उघडं झाकण दिसलं की मी त्यात झाडाची फांदी उभी खोचायचो, जमलं तर लाल फडकं बांधून, आणि एक माणूस तिथेच ठेवायचो. फांदी वाहून जाते, माणूस हलत नाही.

2017 मध्ये 29 ऑगस्टला एल्फिन्स्टनच्या भागात एक नावाजलेले डॉक्टर असेच चालता चालता गेले. त्यानंतर झाकणाखाली जाळ्या बसवायला लागले. तरी मी रस्त्याच्या कडेने चालू देत नाही कुणाला. डिव्हायडरला हात लावून चाला. दिव्याच्या खांबाला मात्र हात लावू नका.

लालबागची_सून
पण झाकण उघडलं नाही तर पाणी घरात येतं. आमचं घर तळमजल्याला आहे. तेव्हा काय करायचं?

नाल्याचा_माणूस
स्वतः उघडू नका, वॉर्ड ऑफिसला कळवा. त्यांची माणसं उघडतात तेव्हा तिथे उभी राहतात.

लालबागची_सून
फोन लागला तर.

कुलाब्याची_पोर
26 जुलै 2005 ला माझे बाबा दक्षिण मुंबईत पॉइंटवर होते. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर आणि कुलाब्याला जेमतेम 73. बाबांच्या चौकात साधा पाऊस, आणि वॉकीटॉकीवर उत्तरेकडून जे ऐकू येत होतं ते त्यांना खोटंच वाटत होतं. उत्तरेकडे निघालेल्या गाड्या ते संध्याकाळपर्यंत सोडत राहिले. "सांगितलं असतं तर थांबवलं असतं," असं अजून म्हणतात.

डॉक्टरीणबाई
मामांना विचारा, असं तासन्तास पाण्यात उभं राहिल्यावर गोळी कोण देतं? पायाला जखम असेल तर लेप्टोची भीती फार. पाण्यातून आल्यावर 72 तासांच्या आत डॉक्टरला दाखवावं, ते डॉक्सीसायक्लिन देतात, पण गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर वेगळं औषध. ताप यायची वाट बघत बसू नये.

मामा
चौकीत पाकीट यायचं. कुणी घ्यायचं, कुणी खिशात विसरायचं. माझ्या टाचेला भेगा, म्हणून बायको समोर उभी राहून गिळायला लावायची.

तरुण_वॉर्डन
काका, मी आत्ता वॉर्डन आहे, ठाण्याकडे. आमच्या चौकात सिग्नलची पेटी गुडघ्याच्या उंचीवर आहे. पाणी भरायच्या आत ती बंद करायची तर किल्ली पाहिजे, आणि किल्ली साहेबांकडे. तुम्ही काय करायचात?

मामा
आमच्याकडे एक किल्ली पॉइंटवरच असायची, शिट्टीच्या दोरीला बांधलेली. तुमच्या साहेबांना आता, पाऊस नसताना, विचार. आणि शिट्टी दोन ठेव. एकीतला मणी भिजला की आवाज बसतो.

तरुण_वॉर्डन
विचारलं. म्हणाले बघू.