उंबरठ्यावरील मांजराचा वास: ब्लीच आणि फिनेल पुरेसे आहे का?

वसंत: दारात मांजर मुतले की आधी ब्लीच आणि लगेच वर फिनेल ओतावे. वास जातो आणि मांजरही पुन्हा फिरकत नाही. लोक उगाच बाऊ करतात.

अनघा: हा सल्ला धोकादायक आहे. मुतातील युरियापासून अमोनिया तयार होतो आणि त्यावर ब्लीच पडले की क्लोरामाइन हा घशाला व फुप्फुसांना झोंबणारा वायू निघतो. फिनेल पायाला लागले की मांजर ते चाटते आणि त्याला विषबाधा होऊ शकते.

मी स्वतः दोन महिने फरशीच घासत राहिले. हवा दमट झाली की वास परत येई. अखेर अंधारात अतिनील टॉर्च धरली, तेव्हा चौकटीवर वीतभर उंचीवर डाग चमकला आणि त्याचा ओघळ उंबरठ्याखालच्या फटीत गेलेला दिसला. फरशीवर थारोळे असेल तर ते साधे मुतणे असते. उभ्या पृष्ठभागावर उंच डाग असेल तर बोका हद्द आखतो आहे, असे समजावे. मग आधी साध्या पाण्याने धुऊन फट कोरडी केली, एन्झाइम असलेला क्लीनर भरपूर ओतला आणि वर ओले फडके ठेवून तो रात्रभर वाळू दिला नाही. दुसऱ्या खेपेला वास गेला. पूर्वीचे फिनेल नीट धुतले नसेल, तर मात्र एन्झाइम निकामी होते.

श्रीधर: एवढ्या खर्चाची गरज नाही, व्हिनेगर पुरते.

अनघा: श्रीधरराव, व्हिनेगरने अमोनियाचा वास दबतो, हे मान्य. पण बोक्याच्या मुताचा उग्र दर्प गंधकयुक्त संयुगांचा असतो. त्यांवर ऑक्सिडीकरण उपयोगी पडते. अर्धा लिटर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि भांडी घासण्याच्या द्रवाचे काही थेंब ताजे मिसळून लावावेत. उरलेले मिश्रण बाटलीत बंद करू नये, कारण वायू साचून ती फुटते. रंग उडतो का, हे आधी कोपऱ्यात पाहावे.

केतकी: तुम्हा सर्वांना मुकी जनावरे हाकलायचीच आहेत! मी रोज तीन मांजरांना जेवू घालते आणि माझ्या दारात कधी वास येत नाही.

वसंत: तुमच्या दारात जेवतात आणि आमच्या दारात मुततात, केतकीताई. खाऊ घालणे थांबवा, प्रश्न संपेल.

केतकी: थांबवल्याने बोके हद्द आखणे सोडत नाहीत. माझ्याकडच्या दोन बोक्यांची नसबंदी झाली आणि काही आठवड्यांत त्यांचे फवारे थांबले. तिसरा हाती लागत नाही, ही माझी अडचण आहे. ती तुम्ही माझ्या दयेवर का ढकलता?

अनघा: नसबंदीने बहुतेक बोक्यांचे फवारे थांबतात, सर्वांचे नव्हे. संत्र्याच्या साली मी ठेवून पाहिल्या. त्या वाळल्या की मांजर त्यांच्याशेजारीच बसले. डांबराच्या गोळ्या तर मुळीच ठेवू नका, त्या मांजरांना विषारी असतात.

वसंत: ब्लीचबद्दल मी चुकलो, कारण माझाही घसा त्या दिवशी जळत होता. मात्र तो तिसरा बोका पकडला जाईपर्यंत माझा उंबरठा रोज कोणी धुवायचा, याचे उत्तर केतकीताईंनी अजून दिलेले नाही.