उत्तर: तेलुगू संमतिपत्रातला धोका

> अँजिओग्राफीच्या फॉर्ममधला ‘मृत्यू’ तेलुगूत सौम्य कसा करू? वाचूनच पेशंट घाबरतात.

शब्द सौम्य करू नका, मांडणी बदला. इंग्रजीत रक्तस्राव, पक्षाघात, मृत्यू एकाच वाक्यात कोंबलेले असतात (वकिली सवय!), त्यामुळे सगळेच सारखे संभवनीय वाटतात. आधी नेहमीचं लिहा: मनगटावर काळंनिळं पडतं, काही दिवसांत जातं. मग वेगळ्या वाक्यात मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात मिळून ‘वंद मंदिलो ओकरिकन्ना तक्कुव’, म्हणजे शंभरात एकापेक्षा कमी. लगेच पुढे, तसं झालं तर तिथेच काय उपचार होतील ते.

मसुदा एखाद्या तेलुगू पेशंटला वाचायला देऊन त्याच्याच शब्दांत सांगायला लावा. ‘काही होत नाही’ म्हणाला तर धोका झाकला गेलाय. फक्त मृत्यूच आठवला तर क्रम पुन्हा बघा.