कमिशन, भेटी आणि औषधाचं दुकान: कुठे थांबायचं?

मेघना
माझं औषधाचं दुकान आहे. पँटोप्राझोल या ॲसिडिटीवरच्या गोळीच्या एका ब्रँडसाठी कंपनीचा माणूस दोन गोष्टी देऊ करतोय: 10 स्ट्रिपवर 3 मोफत, आणि महिन्यात 100 स्ट्रिप खपल्या तर एक गिफ्ट कार्ड. जवळचे एक डॉक्टर तोच ब्रँड लिहितात. त्यांच्या चिठ्ठीवर झालेल्या विक्रीचे 15 टक्के त्यांना पोचवावेत, अशी त्यांची अपेक्षा आहे. सगळंच नाकारायचं की यातलं काही घेणं रास्त आहे?

दत्ताराम
मेघनाताई, एवढा विचार कशाला? स्कीम म्हणजे घाऊक खरेदीवरची सूट. साबणावर मिळते, बिस्किटांवर मिळते, मग औषधावर का नको? भाडं, पगार, मुदत संपलेल्या मालाचा तोटा हे सगळं त्याच मार्जिनमधून निघतं. डॉक्टरांना टक्का देऊ नका, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. बाकी घ्या. आणि एका गिफ्ट कार्डाने कोणाची सदसद्विवेकबुद्धी बदलत नाही.

सुलभा
आमच्याकडे नेमकं हेच झालं! आईची थायरॉइडची गोळी दुकानदाराने परस्पर दुसऱ्या ब्रँडची दिली आणि पुढच्या तपासणीत आकडे बिघडले. स्वस्त जेनेरिक खपवायचे हे धंदे बंदच करायला हवेत. नेहमी नावाजलेला ब्रँडच द्यावा.

शिरीष
सुलभाताई, तुमची तक्रार खरी आहे, पण ती वेगळ्या प्रश्नाची. ब्रँड महाग की स्वस्त, हा इथला मुद्दा नाही. थायरॉइडच्या गोळीत डोसातला थोडासा फरकही जाणवतो, म्हणून एकदा बसलेला ब्रँड शक्यतो बदलत नाहीत. बदललाच तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी पुन्हा करतात. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन किंवा फिटची काही औषधं यांबाबतही अशीच सावधगिरी लागते. तुमच्या आईला नवा ब्रँड का दिला आणि पुन्हा तपासणी कधी करायची, हे कोणी सांगितलं होतं का? दुकानात तो ब्रँड संपला होता म्हणून बदलला, की दुसऱ्यावर स्कीम होती म्हणून? आपली चर्चा या दुसऱ्या शक्यतेबद्दल आहे.

दत्ताराम, तुमचं अर्धं बरोबर आहे. बिलावर छापलेली, कोणत्याही दुकानाला मिळणारी, कसली अट नसलेली सूट हा व्यापार झाला. पण मेघनाताईंपुढच्या तीन गोष्टी एकमेकींत कशा अडकतात, ते आकड्यांत मांडतो.

त्या ब्रँडची स्ट्रिप खरेदीला 100 आणि विक्रीला 125 धरा. स्कीमशिवाय सुटतात 25. दहाच्या पैशांत तेरा मिळाल्या की खरेदी पडते सुमारे 77 आणि सुटतात 48. शेजारी त्याच घटकाचा, त्याच ताकदीचा आणि चांगल्या दर्जाचा दुसरा ब्रँड आहे. त्याची खरेदी 45, विक्री 60, सुटतात 15. म्हणजे पहिला ब्रँड पुढे केला की रुग्णाचे 65 जास्त जातात आणि दुकानाला 33 जास्त मिळतात.

आता डॉक्टरांचे 15 टक्के काढा, म्हणजे 125 वर जवळजवळ 19. स्कीम असताना हातात 29 उरतात, त्यामुळे चाललंय असं वाटतं. पण कंपनीने स्कीम बंद केली की 25 मधून 19 जाऊन 6 राहतात. तोवर डॉक्टरांना टक्क्याची सवय लागलेली असते. मग दुकानदारच कंपनीकडे पुन्हा स्कीम मागायला जातो आणि कंपनी सांगेल तो आकडा खपवायला तयार होतो. डॉक्टरांचा टक्का कंपनीच्या मोफत स्ट्रिपांतून जातोय, हे अशा वेळी कळतं.

दत्ताराम
हिशोब मान्य. तरी डॉक्टरांनी तो ब्रँड लिहिलाच असेल तर दुकानदाराने काय करायचं? चिठ्ठी बदलायची?

शिरीष
नाही. लिहिलेला ब्रँड द्यायचा. पर्याय देण्याची मुभा असेल तिथे रुग्णाला सांगून, विचारून द्यायचा. प्रश्न चिठ्ठी संपल्यावर सुरू होतो. पँटोप्राझोल बऱ्याच जणांना चार ते आठ आठवड्यांसाठीच लिहिलेलं असतं. शंभर स्ट्रिपांचा आकडा गाठायचा असेल तर नवव्या आठवड्यात आलेल्या माणसाला ‘डॉक्टरांना विचारलंत का?’ हे आपण विचारू का? काहींना ते दीर्घकाळ लागतं, हे खरं. पण वर्षानुवर्षं घेतल्यास शरीरातलं मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, म्हणून विचारणं हेच आपलं काम. हा एक प्रश्न न विचारण्याचेच पैसे गिफ्ट कार्ड देतं.

हे कुठपर्यंत जातं त्याचं एक उदाहरण. रक्तातलं जास्तीचं लोह काढणाऱ्या एक्सजेड या औषधाबाबत अमेरिकन सरकारचा आरोप होता, की ते बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीने काही विशेष फार्मसींना सवलती आणि नवे रुग्ण दिले आणि त्या बदल्यात रुग्णांची त्याच औषधाची पुन्हा-पुन्हा खरेदी वाढवून घेतली. बायोस्क्रिप या फार्मसीचे कर्मचारी रुग्णांना फोन करत, फायदे ठासून सांगत आणि दुष्परिणाम सौम्य करून सांगत, असं सरकारचं म्हणणं होतं. त्या औषधाला मूत्रपिंड, यकृत आणि रक्तस्रावाबद्दल ठळक इशारा आहे. बायोस्क्रिपने 2014 मध्ये दीड कोटी डॉलर भरून तडजोड केली, नोव्हार्टिसने 2015 मध्ये 39 कोटी. फोन उचलणाऱ्या माणसाला मात्र फार्मसी आपली काळजी घेतेय असंच वाटलं असणार.

प्रकाश
मी नऊ वर्षं कंपनीच्या बाजूने हे काम केलंय, म्हणून एक गोष्ट जोडतो. आम्ही दुकानात फक्त माल ठेवायला जात नसू. कोणते डॉक्टर आमचा ब्रँड किती लिहितात आणि प्रतिस्पर्ध्याचा किती, हे काउंटरवरच्या चिठ्ठ्या पाहून आम्ही टिपून घ्यायचो. गिफ्ट कार्डाचं खरं मोल त्या माहितीत असायचं. त्याच आकड्यांवर पुढे डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं ते ठरे. मेघनाताई, त्याने तुमच्याकडे चिठ्ठ्या किंवा संगणकावरची यादी मागितली आहे का? मागितली असेल तर ती भेट रुग्णांच्या कागदांची किंमत आहे.

मेघना
मागितली आहे. ‘फक्त एक नजर’ म्हणाला होता. मला ते अगदी किरकोळ वाटलं होतं.

दत्ताराम
हे मला माहीत नव्हतं. पण छोट्या भेटीने मत बदलतं, याला पुरावा काय?

शिरीष
2016 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. ज्या डॉक्टरांनी कंपनीकडून 20 डॉलरपेक्षाही कमी किमतीचं जेवण घेतलं, ते त्या कंपनीचा ब्रँड जास्त लिहीत असल्याचं त्यात दिसलं. मात्र हा फक्त संबंध आहे. जे आधीपासून लिहीत होते त्यांनाच जेवण मिळालं असेल, असंही होऊ शकतं. त्यामुळे सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. आणि तो अभ्यास डॉक्टरांचा होता, दुकानदारांचा नव्हे.

मेघनाताई, मी तुमच्या जागी असतो तर गिफ्ट कार्ड आणि चिठ्ठ्या दाखवणं दोन्ही लेखी नाकारलं असतं. तोंडी नकार पुढच्या महिन्यात विसरला जातो, शिवाय दुकानातल्या मुलांना तुम्ही घरी गेल्यावर वेगळं आमिष दाखवलं जातं. 10 वर 3 घ्यायचंच असेल तर ते बिलावर यावं, आकड्याची अट नसावी, आणि मुदत जवळ आलेला माल गळ्यात पडत नाही ना ते पाहा. स्कीम अचानक उदार झाली की मी आधी स्ट्रिपवरची तारीख वाचतो. दुसरा ब्रँड शेल्फवर हवाच. डॉक्टरांना 15 टक्के नाहीत, मग ते चिठ्ठ्या दुसरीकडे वळवोत.

दत्ताराम
‘वळवोत’ म्हणणं सोपं आहे हो. तुम्ही इस्पितळात पगारावर आहात. माझी निम्मी विक्री एका दवाखान्यावर आहे. नियामकाकडे तक्रार केली तर नाव बाहेर येणार नाही याची हमी कोण देतो?

शिरीष
माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. टक्क्याची मागणी लेखी आली असेल तर जपून ठेवा, तोंडी असेल तर तारीख टाकून नोंदवा. कोण बोललं, काय बोललं, तेवढंच. तक्रार आज करायची की नाही हे तुम्ही ठरवा.

सुलभा
आईच्या दुकानदाराला आज विचारलं. म्हणाला, तो ब्रँड संपला होता. मागे शेल्फवर मात्र नव्या ब्रँडचे खोके रचलेले होते.

प्रकाश
खोक्यांवरून काही कळत नाही, ताई. त्याने खरेदीचं बिल दाखवलं तर कळेल. दाखवणार नाही.

मेघना
त्या माणसाला मेसेज केला: सूट बिलावर द्या, बाकी काही नको, चिठ्ठ्या दाखवणार नाही. उत्तर आलं, ‘मॅडम, मग स्कीम 10 वर 1.’