अज्ञान मुलीचा अपघात दावा : विमा कंपनीशी तडजोड करावी का, आणि सही कोणी करावी?

पायवाट
नमस्कार. गेल्या वर्षी माझी नऊ वर्षांची मुलगी दुचाकीवर माझ्या मागे बसलेली असताना आडव्या रस्त्याने आलेल्या मोटारीने आम्हाला धडक दिली. मला फक्त खरचटले, पण तिच्या उजव्या मांडीचे हाड गुडघ्याच्या जरा वर मोडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटारीचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्याविरुद्ध दावा चालू असून त्यात मी तिचा अ.पा.क., म्हणजे अज्ञान मुलीच्या वतीने दावा चालवणारा पालक, आहे. आता लोकअदालतीत कंपनी ४,२०,००० रुपये द्यायला तयार आहे. त्यांच्या हिशेबाने भरपाई ६,००,००० रुपये होते, पण चौकात मीही वेग कमी केला नव्हता, असे म्हणून त्यांनी ३० टक्के कापले आहेत. आमचे वकील म्हणतात की तडजोडीला न्यायाधिकरणाची परवानगी लागेल आणि पैसे बहुतेक मुलीच्या नावे ठेवले जातील. उपचारासाठी घेतलेले १,६०,००० रुपयांचे कर्ज माझ्या डोक्यावर आहे. वडिलांची सही पुरेशी का नाही, आणि ही रक्कम स्वीकारावी का, याबद्दल सल्ला हवा आहे.

उंबरठा
वडील हे नैसर्गिक पालक असतात, त्यामुळे परवानगी हा निव्वळ सोपस्कार आहे. माझ्या मते मिळतात ते पैसे घ्यावेत. उद्या कमी वाटलेच, तर मुलगी सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तिला स्वतः दावा करता येतो.

जुनीवही
मी अनेक वर्षे अर्जदारांच्या बाजूने हे दावे चालवले आहेत. वर म्हटल्याप्रमाणे वडील नैसर्गिक पालक आहेत हे खरे. म्हणूनच त्यांना वेगळा पालकत्वाचा दाखला न काढता दावा दाखल करता आला. परंतु दावा चालवणे आणि तो मिटवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम ७ नुसार न्यायालयाच्या परवानगीशिवाय पालकाने अज्ञानाच्या वतीने केलेली तडजोड अज्ञानावर बंधनकारक राहत नाही; ती रद्द ठरवून घेता येते. परवानगीच्या अर्जासोबत पालकाचे प्रतिज्ञापत्र आणि तडजोड अज्ञानाच्या हिताची असल्याचे वकिलाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. शहाणी विमा कंपनीही परवानगीचा आग्रह धरते, कारण एकदा पैसे दिल्यावर हा विषय दहा वर्षांनी पुन्हा उघडलेला तिला नको असतो.

याची उलट बाजूही लक्षात घ्यावी. परवानगी घेऊन रीतसर झालेली तडजोड मुलीलाही बांधते, आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. सज्ञान झाल्यावर पुन्हा दावा करू, या भरवशावर कमी रक्कम घेणे म्हणजे तिचा हक्क कायमचा सोडणे होय. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत लागू झाली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्यावर विसंबून कोणी दावा दाखल करणे लांबवू नये.

आता मूळ मुद्दा, आणि तो जरा अवघड असल्यामुळे पायवाट यांनी गैरसमज करून घेऊ नये. ३० टक्के कपात तुमच्या कथित चुकीसाठी आहे. मुलगी मागे बसली होती. अपघातात तिची काहीच चूक नाही. दोन वाहनांच्या चालकांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली, तर ती तिसरी व्यक्ती त्यांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणजे कंपनीचाच ६,००,००० चा आकडा धरला, तरी मुलीला तो पूर्ण मागता येतो. तुमची चूक खरोखर ३० टक्के ठरली, तर ते १,८०,००० कंपनीने नंतर तुमच्याकडून वसूल करायचे असतात.

म्हणूनच कपात मान्य केली की मुलीचे १,८०,००० जातात आणि तुमच्यावरचे संभाव्य ओझे उतरते. तुमच्या मनात तसे काही नसेलही, नाहीच असे मी धरतो. पण कागदावर तुमचे हित आणि तिचे हित एकमेकांविरुद्ध उभे आहे, आणि ज्याचे हित अज्ञानाच्या विरुद्ध आहे त्याने अ.पा.क. राहू नये, असा त्याच आदेशातला नियम आहे. माझा सल्ला असा की अर्ज देऊन तुमच्या जागी मुलीच्या आईला अ.पा.क. करावे आणि मगच तडजोडीची चर्चा करावी. एकच वकील दोघांचे काम पाहत असेल, तर त्यांच्याशीही हे मोकळेपणाने बोलून घ्यावे.

निळीशाई
पुतण्याच्या नावावर जमीन होती, ती विकण्यासाठी आम्हाला जिल्हा न्यायालयाची परवानगी काढावी लागली होती आणि फार वेळ गेला. इथेही तसेच असेल, तर लोकअदालतीची तारीख हुकेल.

जुनीवही
तो स्थावर मिळकतीचा वेगळा अर्ज आहे. इथे परवानगी चालू दाव्यातच मागायची असते. कागद नीट असतील तर फार वेळ लागू नये.

अस्थिबंध
मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. मोडलेला भाग गुडघ्याच्या किती जवळ आहे, हे प्रथम पाहावे. मांडीच्या हाडाची लांबी मुख्यतः गुडघ्याकडच्या टोकाला असलेल्या वाढीच्या पट्टीतून वाढते. त्या पट्टीला इजा झाली असेल, तर हाड उत्तम जुळूनही पुढे पाय आखूड राहू शकतो किंवा गुडघा वाकडा होऊ शकतो. नवव्या वर्षी वाढीची बरीच वर्षे शिल्लक असतात आणि आज ती नीट चालते यावरून फारसे काही कळत नाही. दोन्ही पायांचा लांबी मोजणारा एक्स-रे आता काढून सहा महिन्यांनी पुन्हा काढावा. फरक वाढत असेल, तर पुढची शस्त्रक्रिया गृहीत धरावी लागेल. माझ्या मते तोपर्यंत तडजोड करूच नये.

जुनीवही
डॉक्टरांचा मुद्दा मान्य, पण थांबण्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. वाढ पुरी होईपर्यंत दावा लांबवला, तर साक्षीदार आणि कागद दोन्ही हाताशी राहत नाहीत. पुढील शस्त्रक्रियेची शक्यता आणि अंदाजे खर्च यांबद्दल तज्ज्ञाचे लेखी मत घेऊन तो खर्च मागणीत धरणे हा मधला मार्ग आहे. परवानगी देताना न्यायाधीशही हेच विचारतात की हा आकडा कशावरून आला आणि पुढच्या उपचारांचे काय.

पायवाट
कपातीचा असा अर्थ होतो हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. मोटार अचानक आडवी आली, हे मी आजही ठामपणे म्हणतो. आईच्या नावे अर्ज देण्याबद्दल वकिलांशी बोलतो. पण सगळी रक्कम मुलीच्या नावे ठेवली, तर कर्ज कसे फेडायचे?

जुनीवही
झालेल्या खर्चाची बिले आणि पावत्या दाखल करून तेवढी रक्कम वेगळी दाखवा आणि ती तुम्हाला देण्याची विनंती अर्जातच करा. खर्च खरोखर तुम्ही केला असेल तर ती सहसा मान्य होते. ६,००,००० मधून १,६०,००० गेल्यास उरलेले ४,४०,००० राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे अठराव्या वर्षापर्यंत मुदत ठेवीत जातील. त्यावर कर्ज काढता येणार नाही, अशी अट आदेशात बहुतेक असते.

कोयरी
माझ्या भाच्याची ठेव अशीच होती. मध्येच त्याच्या हाताची दुसरी शस्त्रक्रिया निघाली, तेव्हा रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडून अर्ज केला आणि न्यायाधिकरणाने तेवढी रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात द्यायला सांगितली. शाळेच्या फीसाठी केलेला अर्ज मात्र नामंजूर झाला. व्याजातून भागवा, असे सांगण्यात आले.

पायवाट
धन्यवाद. एक्स-रे या आठवड्यात काढतो. या लोकअदालतीत प्रकरण ठेवू नये, असे वकिलांना कळवले आहे. कंपनीचे अधिकारी म्हणतात की पुढच्या वेळी हा आकडा मिळेलच असे नाही.