मदत हवी आहे: आमसुलं संपली, सूचनेत तारीख काय लिहू?

नमस्कार मंडळी. मी मालवणहून घरची आमसुलं विकते. व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगवर ‘संपली, 15 मेपर्यंत येतील’ असं लिहिलं होतं. पण रातांबे उशिरा पिकले. सोलांना रसाचे पुट देत सुकवायला कडक ऊन लागतं, आणि मळभ काही हटेना! तारीख चुकली, गिऱ्हाइकं चिडली. आता ‘मेअखेर, ऊन मिळालं तर’ असं लिहावं का?

दुसरं, ‘आली की कळवा’ म्हणणाऱ्या 40 जणांना ब्रॉडकास्ट यादीत घातलं. ज्यांनी माझा नंबर सेव्ह केला नाही त्यांना मेसेज पोचतच नाही, हे मागाहून कळलं. सूचनेतच ‘आधी नंबर सेव्ह करा, मग आमसूल लिहून पाठवा’ असं टाकू का? ग्रुप नको, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. तुम्ही कसं करता?